सोडतीत आधी जिंकलेल्यांना वगळून नाव कसं काढायचं?

सुरंगी
नमस्कार मंडळी. आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्राकाठी. गावातल्या वाचनालयात दर महिन्याला ज्यांनी निदान दोन पुस्तकं वाचून परत केली त्यांच्यातून सोडत काढून एकाला पुस्तक भेट देतो. तिकीट वगैरे नाही, कोणाकडून पैसे घेत नाही. नावं गुगल फॉर्मवर येतात आणि ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांची ग्रंथपाल ताई भरतात. नियम एवढाच की एकदा बक्षीस मिळालं की पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत परत नाही, पण अशा माणसाने नाव मात्र द्यायचं कारण वाचनाची नोंद आम्हाला हवी असते. या महिन्यात ४६ नावं आलीयत आणि त्यातले ६ जण आधीचे विजेते आहेत. आता हे ६ वगळून एक नाव काढायचंय, आणि ते रविवारी सगळ्यांसमोर काढायचंय म्हणजे बघणाऱ्याला पटलंही पाहिजे. शीटमध्ये कसं करू? की चिठ्ठ्याच बऱ्या?

खाडीवरचो
सोप्पा आसा ताई. १ ते ४६ मधलो एक आकडो काढा, मोबाईलवर काढलात तरी चलात. त्या नंबरावर जुनो विजेतो निघालो तर त्याच्या खालचो नंबर घ्या, तोय जुनो असलो तर त्याच्या खालचो. आमच्या वाडीत क्रिकेटच्या बक्षिसाक असाच करतंव, एका फटक्यात काम होता आणि कोणाची तक्रार येणा नाय.

आबोली
आमच्या भिशीत तर हे आपोआपच होतं गं. बारा जणी, बारा महिने, जिची चिठ्ठी निघाली ती बाजूला काढून ठेवतो, पुढच्या महिन्यात अकराच डब्यात. वगळायचा प्रश्नच येत नाही. तुम्हीपण वर्षाच्या सुरुवातीला एकदाच सगळ्यांच्या चिठ्ठ्या करून ठेवा ना, दर महिन्याला नवीन कशाला करायच्या? मला फक्त एक कळत नाही, शेवटी शेवटी ज्या उरतात त्यांचा चान्स वाढत जातो ना, मग पहिल्या महिन्यातल्या बायकांवर अन्याय होत नाही का? आमच्याकडे यावरून दर वर्षी वाद होतो.

सुरंगी
आबोलीताई, आमच्याकडे दर महिन्याला नावं बदलतात. या महिन्यात ज्याने दोन पुस्तकं वाचली त्याने पुढच्या महिन्यात एकही वाचलं नसेल तर तो यादीतच नसतो, आणि नवीन सभासद मध्येच येतात. म्हणून एकदाच चिठ्ठ्या करून भागत नाही.

कातळसडा
खाडीवरचो भाऊ, तुमची पद्धत सरळ वाटते आणि सहा विजेते यादीत लांब लांब विखुरलेले असते तर फार फरक कोणाला दिसलाही नसता, पण ती बरोबर नाही. का ते याच यादीवर बघू.

सुरंगीताई, फॉर्म ज्या क्रमाने भरले गेले त्याच क्रमाने यादी असणार. आणि आधीचे विजेते हे बहुतेक वेळा उत्साही वाचक असतात, फॉर्म उघडला की पहिल्यांदा तेच भरतात, त्यामुळे ते यादीत एकमेकांना चिकटून येतात. समजा ते ३, ४, ५, १२, २७ आणि २८ नंबरवर आहेत. आता आकडा ३ निघाला तरी ६ नंबरचा जिंकतो, ४ निघाला तरी तोच, ५ निघाला तरी तोच, आणि ६ निघाला तर अर्थातच तोच. म्हणजे ४६ पैकी ४ आकडे त्याचे. १३ नंबरवाल्याचे दोन आकडे, २९ वाल्याचे तीन. बाकीच्या ३७ जणांचा प्रत्येकी एकच. कोणी काही लबाडी केली नाही, तरी ६ नंबरवर बसलेल्याला शेजाऱ्याच्या चौपट संधी मिळाली, आणि ती केवळ तो कोणाच्या मागून फॉर्म भरायला बसला त्यावर. हे कोणाच्या लक्षात येत नाही म्हणूनच तक्रार येत नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही गणिताने सारखेच आहेत. एक, सहा नावं आधीच काढून टाका आणि उरलेल्या ४० मधून एक काढा. दोन, ४६ मधून काढा आणि जुना विजेता निघाला तर तो आकडा पूर्ण सोडून नव्याने परत काढा, शेजारचा घेऊ नका. दुसऱ्या पद्धतीत पण प्रत्येकाला बरोबर चाळिसातली एकच संधी मिळते, कारण जी फेरी वाया गेली ती सगळ्यांसाठी सारखीच वाया जाते, त्या फेरीने कोणाला पुढे ढकललं नाही.

आबोलीताई, तुमच्या भिशीचं उत्तर: अन्याय होत नाही. पहिल्या महिन्यात निघण्याची संधी बारात एक. दुसऱ्या महिन्यात निघायला आधी पहिल्यात न निघणं हवं, ते बारात अकरा, मग अकरातून एक, गुणाकार केला की परत बारात एकच. असंच बाराव्या महिन्यापर्यंत. ज्या उरतात त्यांची त्या महिन्यातली संधी वाढते हे खरं, पण उरणं हेच मुळात नशिबाने झालेलं असतं. बाराव्या महिन्यात पैसे मिळण्यापेक्षा पहिल्यात मिळाले तर जास्त उपयोगी पडतात, हा फरक आहेच, पण तो सोडतीचा दोष नाही.

खाडीवरचो
बरोबर हा, पटला. आमच्या पोरांका सांगूक होया. पण दुसरी पद्धत, परत परत काढणारी, ती लोकांसमोर बरी नाय दिसणार. तीनदा आकडो टाकलो आणि चौथ्या टायमाक सरपंचाच्या भावाचा नाव इला तर लोक म्हणतले, तेचा येयपर्यंत काढीत रवले.

कातळसडा
हो, म्हणून मीही पहिलीच सुचवेन. गणित सारखं असलं तरी बघणाऱ्याच्या डोळ्यांना ते सारखं नसतं. नाव बाहेर आल्यावर ते रद्द का हे सांगत बसण्यापेक्षा, आधी उभं राहून सहा विजेत्यांची नावं मोठ्याने वाचा, ती यादीतून काढा, उरले ४० हे सगळ्यांना सांगा, आणि मग एकदाच काढा. शिवाय वर्षाच्या शेवटी यादीत जुने विजेते वाढले की परत काढावं लागण्याची शक्यताही वाढते.

चाकरमानी
मी डोंबिवलीला असतो, गाव गुहागरकडे. पायथनमध्ये दोन ओळीत होतं हे, नोंदींच्या संचातून विजेत्यांचा संच वजा करायचा.

```
patra = list(set(nondi) - set(vijete))
print(random.choice(patra))
```

set मुळे कोणी दोनदा फॉर्म भरला असेल तरी तो एकदाच मोजला जातो, हा बोनस. वर फक्त import random लिहायचं आणि दोन्ही याद्या भरायच्या.

सुरंगी
दादा, मला प्रोग्रामिंग येत नाही आणि वाचनालयात कोणालाच येत नाही, म्हणून शीट म्हणतेय. पण वजा करायची कल्पना कळली.

अजून एक, मी आत्ता यादी तपासत होते तेव्हा दिसलं की एका काकांचं नाव विजेत्यांत "ॲड." लावून आहे आणि या महिन्यात पण "ॲड." लावूनच आहे, स्पेलिंग तेच, तरी शीट म्हणतं हे दोन वेगळे आहेत. मी चारचार वेळा वाचलं, अक्षर न अक्षर सारखं आहे.

कातळसडा
ताई, खरी गोम इथेच असते, सूत्रात नाही. "ॲ" हे अक्षर दोन प्रकारे टाईप होतं. एका कीबोर्डवर ते एकच अक्षर म्हणून जातं, दुसऱ्यावर अ, मग न दिसणारा एक जोडक, मग वरचा चंद्र, असे तीन तुकडे जातात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शीट आतले तुकडे बघतं. "ऱ्ह" आणि "ऱ्य" चं पण तसंच, त्यामुळे गोऱ्हे, कऱ्हाडे अशी आडनावं कायम दगा देतात. त्यात पाटील-पाटिल, सौ. लावलेलं-न लावलेलं, नावापुढे चुकून पडलेली स्पेस, एकाने इंग्रजीत लिहिलेलं. नावावरून वगळायला गेलात तर दर महिन्याला कोणीतरी निसटणारच, आणि निसटलेला माणूस म्हणजे नेमका आधी जिंकलेला, तो परत निघाला की सगळ्या गावासमोर शोभा.

उलटं पण होतं. एकाच नावाची दोन माणसं असली तर जी कधीच जिंकली नाही ती वगळली जाते, आणि हे कोणाला कळतसुद्धा नाही कारण न निघालेलं नाव कोणी शोधत नाही. पहिली चूक आरडाओरडा करून समोर येते, ही दुसरी तशीच आत राहते. म्हणून नाव नको, प्रत्येकाला एकच आणि कधी न बदलणारी खूण पाहिजे.

चाकरमानी
मोबाईल नंबर घ्या मग. युनिक असतो, सगळे लोक तेच करतात.

सुरंगी
मोबाईलचं मीही आधी धरलं होतं पण आमच्याकडे ते चालणार नाही. कितीतरी घरांत एकच फोन, आई, मुलगी आणि आजी तिघी त्याच नंबरवर फॉर्म भरतात. आईला चैत्रात पुस्तक मिळालं तर नंबरवरून मुलगी आणि आजी दोघी वर्षभरासाठी बाद होतील. आणि मुंबईहून कोणी नवीन सिम आणून दिलं की तोच माणूस नवा होऊन येतो.

कातळसडा
अगदी. फोन ही घराची खूण आहे, माणसाची नाही. तुमच्या वाचनालयात सभासद क्रमांक असेलच ना? पुस्तक देताना रजिस्टरमध्ये जो लिहिता तो. तोच घ्या, तो माणसाचा असतो आणि टायपिंगने बदलत नाही.

फॉर्ममध्ये सभासद क्रमांकाचा प्रश्न "रिक्वायर्ड" करा आणि उत्तर तपासणीत फक्त आकडा चालेल असं ठेवा. कोणी १२ लिहील कोणी 12, शीट त्यांना एक मानेल यावर विसंबू नका, इंग्रजी आकडेच मागा. मग 'नोंदी' शीटमध्ये B मध्ये नाव आणि C मध्ये सभासद क्रमांक, आणि 'विजेते' शीटमध्येही C मध्येच सभासद क्रमांक. तिसरं 'पात्र' नावाचं शीट करा आणि त्याच्या A2 मध्ये हे टाका:

```
=UNIQUE(FILTER('नोंदी'!C2:C, 'नोंदी'!C2:C<>"", COUNTIF('विजेते'!C2:C, 'नोंदी'!C2:C)=0))
```

COUNTIF प्रत्येक नोंदीसाठी बघतं की हा क्रमांक विजेत्यांत किती वेळा आहे, शून्य असेल तरच FILTER त्याला पुढे सोडतं, आणि UNIQUE मुळे दोनदा भरलेला एकदाच राहतो. आता महत्त्वाचं, सोडत काढायच्या आधी हिशोब जुळवा. ४६ नोंदी, त्यातून दुबार किती गेल्या, विजेते किती गेले, उरले किती. तुमचे ६ विजेते यादीत आहेत हे तुम्हाला माहितीय, तर बरोबर ४० उरले पाहिजेत. ४१ उरले तर एक विजेता निसटलाय, ३९ उरले तर दुबार नोंद आहे किंवा कोणीतरी विनाकारण बाद झालंय. ही वजाबाकी हाच तुमचा पुरावा.

सुरंगी
केलं, आणि ३९ आले. शोधलं तर एका मुलाने दोनदा फॉर्म भरलाय, म्हणजे नोंदी ४६ पण माणसं ४५. बरोबर आहे मग. ॲड. काकाही आता नीट वगळले गेले. आता यातून एक काढायला मी RANDBETWEEN वापरते.

```
=INDEX(A2:A, RANDBETWEEN(1, COUNTA(A2:A)))
```

हे चालतंय. पण काहीतरी विचित्र होतंय, मी विजेत्याचा क्रमांक 'विजेते' शीटमध्ये लिहिला की लगेच निघालेला क्रमांक बदलतो!

चाकरमानी
ते तसंच वागणार. RANDBETWEEN शीटमध्ये काहीही बदललं की परत आकडा टाकतं. तुम्ही विजेत्याची नोंद केलीत, तेवढाच बदल त्याला पुरतो.

कातळसडा
आणि इथे दोन गोष्टी एकदम होतात. विजेता नोंदवला की तो 'पात्र' यादीतून जातो, यादी ३९ ची ३८ होते, आणि त्याच क्षणी नवा आकडा पडतो. पडद्यावर जुना क्रमांक जाऊन नवा येतो. प्रोजेक्टर लावलेला असेल आणि लोक समोर बसलेले असतील तर विचार करा काय गोंधळ होईल, ज्याचा क्रमांक आधी वाचला तो उभा राहिलाय आणि भिंतीवर दुसऱ्याचाच. दुसऱ्या कोणी आपल्या फोनवर तीच शीट उघडून काही टाईप केलं तरी तसंच.

म्हणून हलता आकडा ठेवूच नका. सोडतीआधी 'पात्र' यादी कॉपी करून नव्या शीटमध्ये फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, कंट्रोल-शिफ्ट-V. ती यादी गोठली, आता नोंदी किंवा विजेते बदलले तरी ती हलत नाही. मग लोकांसमोर ती ३९ निवडून डेटा मेनूत जाऊन Randomize range एकदा दाबा. यादी विस्कटते आणि तशीच राहते. सगळ्यात वरचा तो विजेता. त्या दिवशी तो हजर नसेल आणि तुमचा नियम हजर असण्याचा असेल तर दुसरा, मग तिसरा. इथे मात्र खालचा घेतलेला चालतो, कारण यादीच आता नशिबाने लागलेली आहे. किती वेळा दाबणार हे आधी सांगा, एकदाच.

आणि ताई, 'विजेते' शीटमध्ये नोंद त्याच दिवशी, तिथेच बसून करा. पुढच्या महिन्याचं वगळणं त्या एका ओळीवर अवलंबून आहे.

हर्णै_बंदर
तुम्ही सगळं शीटवर चालवलंय पण पावसात आमच्याकडे लाईट दिवसदिवस नसते, नेटचं तर विचारूच नका, प्रोजेक्टर कुठला लावताय. चिठ्ठ्यांचं पण सांगा कोणीतरी. आम्ही सोसायटीत चिठ्ठ्याच काढतो आणि लोकांना चिठ्ठीच पटते, समोर दिसते ना.

कातळसडा
चिठ्ठ्या उत्तमच, फक्त ढवळणं खरंखुरं झालं पाहिजे. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली होती, वर्षातल्या ३६६ तारखा एकेका कुपीत. कुप्या महिन्यामहिन्याने पेटीत टाकल्या, आधी जानेवारी, शेवटी डिसेंबर, आणि नीट मिसळल्याच नाहीत. निकाल बघितला तर वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा फार लवकर निघालेल्या, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या पोरांवर आधी पाळी आली. वृत्तपत्रांत आणि संख्याशास्त्रज्ञांत त्यावर मोठी चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी पद्धत बदलावी लागली. एवढ्या मोठ्या सरकारी कामात हे झालं.

आपल्याकडे पावसात वेगळीच अडचण, कागद दमट होतो आणि चिठ्ठ्या एकमेकींना चिकटतात. रजिस्टरच्या क्रमाने लिहून टाकल्या असतील तर क्रमाने चिकटलेल्या गठ्ठ्यांतूनच हात फिरतो. म्हणून जरा जाड कागद घ्या, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच घडीच्या, आणि तोंड अरुंद असलेला डबा किंवा मडकं नको, परात घ्या. परातीत पसरवून वेगवेगळ्या दोन-तीन जणांनी हाताने चाळा, चिकटलेल्या सुट्या करा.

आणि वगळण्याचं काम कागदावरही आधीच करा. आधी सगळ्या ४५ चिठ्ठ्या टेबलावर मांडा, विजेत्यांची नावं वाचा, ज्या सहा निघतील त्या सगळ्यांसमोर वेगळ्या करा, उरलेल्या मोजून ३९ आहेत ते मोठ्याने सांगा, मग परातीत. चिठ्ठीवर नावासोबत सभासद क्रमांक लिहा, म्हणजे एकाच नावाचे दोघं असले तर कोण वगळायचं ते कळेल. यादी शीटवर करा, छापून घ्या, सोडत चिठ्ठीवर. लाईट गेली तरी अडत नाही.

हर्णै_बंदर
हे जमेल. छापलेली यादी आदल्या दिवशी दारावर लावून ठेवा ताई, ज्याचं नाव राहिलं असेल तो सोडतीआधी येऊन सांगेल. नंतर आलेल्याला काय उत्तर देणार? आम्ही तसंच करतो, सोडतीनंतरचे वाद बंद झाले.

आबोली
मला एक विचारायचंय. एका घरात आईला मिळालं, पुढच्या महिन्यात मुलीला, त्याच्या पुढच्या महिन्यात आजीला, तर लोक बोलणारच ना की एकाच घरात चाललंय सगळं. सभासद क्रमांकावर गेलात तर हे होणार. आमच्या भिशीत म्हणून एका घरातल्या दोघी घेतच नाही आम्ही.

सुरंगी
आबोलीताई, माझ्या मनात पण तेच आहे. पण घर धरून वगळलं तर वाचणारी मुलगी आईच्या बक्षिसामुळे बाद, आणि आम्हाला तर मुलांनी वाचावं म्हणूनच हे करायचंय. मला व्यक्ती धरूनच करावंसं वाटतं.

खाडीवरचो
माका घराचा बरोबर वाटता. गावात लोक घराच्या नावानंच बघतत, माणसाच्या नाय.

कातळसडा
हे गणिताने सुटत नाही, ते समितीने ठरवायचं. घर धरायचं असेल तर 'नोंदी' आणि 'विजेते' दोन्हीत एक घर क्रमांकाचा रकाना वाढवा, म्हणजे तोच फोन नंबरही चालेल, आणि COUNTIF त्यावर लावा, सूत्र तेच राहतं. फक्त एका महिन्यात एकाच घरातून तिघं पात्र असले तर त्या घराच्या चिठ्ठ्या तीन की एक, हेही मग ठरवावं लागेल. जे ठरेल ते पाडव्याला जाहीर करा आणि वर्षाच्या मध्ये बदलू नका. कोणीतरी जिंकल्यावर बदललेला नियम त्या माणसाकडे बघूनच बदललाय असं वाटतं, खरं असो नसो.

चाकरमानी
सुरंगीताई अजून एक, वर्षभर वगळता म्हणता, तर 'विजेते' शीट पाडव्याला पुसू नका. तारखेचा रकाना ठेवा आणि COUNTIF च्या जागी COUNTIFS करून तारीख पाडव्यानंतरची असेल तरच मोजा. जुनी यादी राहील आणि वगळणं नव्या वर्षापासून सुरू होईल.

सुरंगी
हे उद्याच करते, तारीख आहेच आमच्याकडे. या रविवारी व्यक्ती धरून ३९ चिठ्ठ्या, यादी शनिवारी दारावर. घराचा मुद्दा समितीसमोर ठेवते. पण बालविभागातली मुलं आईवडिलांच्याच सभासद क्रमांकावर पुस्तकं नेतात, त्यांना वेगळा क्रमांक नाही, हे आत्ता लक्षात आलं. त्यांच्यासाठी क्रमांकाला अ, ब असं जोडावं की सरळ नवीन क्रमांक द्यावेत?

कातळसडा
नवीन द्या. अ-ब लावलंत की फॉर्मची फक्त आकड्यांची तपासणी मोडते, आणि कोणी 112अ लिहिणार, कोणी 112 अ, कोणी 112A. परत नावांसारखंच होईल.

हर्णै_बंदर
पण मग रजिस्टर दोन होतील ना? ग्रंथपाल ताईंना विचारा आधी, अनामत रक्कम एका क्रमांकावर असते. मूल मोठं होऊन स्वतः सभासद झालं की कुठला क्रमांक धरणार तेही बघावं लागेल.